अडीचशे रुपयांचा नंबर आणि फुकटची फेरी

सिन्नरच्या बसस्थानकापासून नाशिककडे जाताना एका नव्या शोरूमच्या दारावर गेल्या हिवाळ्यात फ्लेक्स लागला होता. इलेक्ट्रिक स्कूटरची मोफत टेस्ट राइड, शनिवार-रविवार, नाव नोंदवा, जागा मर्यादित. खाली मोबाइल नंबर आणि एक चौकोनी कोड. दोन दिवसांत हाच मजकूर आमच्या सोसायटीच्या, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या आणि भाजीमंडईच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत आला. प्रत्येक ठिकाणी वरची ओळ थोडी बदललेली होती, पण ‘नाव नोंदवा’ हे दोन शब्द तेच होते.

या दोन शब्दांनी मी थांबलो, कारण स्कूटरसाठी नाव नोंदवल्याचा एक जुना कागद माझ्याकडे आहे. माझे वडील इथल्या एका विडी कारखान्याच्या वखारीत कारकून होते. त्यांच्या ट्रंकेत पोस्टाच्या बचत खात्याचे एक पासबुक मिळाले. त्यात १९६७ साली भरलेले अडीचशे रुपये आणि ते खाते नाशिकच्या स्कूटर विक्रेत्याकडे तारण असल्याची नोंद आहे. अडीचशे म्हणजे त्यांचा दीड महिन्याहून जास्त पगार. स्कूटर आली १९७६ मध्ये. तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ती घरापुढे उभी राहिली तो दिवस मला आठवतो. तिला हार घातला होता आणि गल्लीतली माणसे सत्यनारायणाला येतात तशी येऊन बघून जात होती.

फ्लेक्सवरची नावनोंदणी आणि पासबुकातली नावनोंदणी, दोन्ही स्कूटरच्याच. मग एकीसाठी दीड पगार आणि नऊ वर्षे का लागली, आणि दुसरी फुकट का, असा प्रश्न मला पडला. महागाई, बाजार, प्रगती अशी उत्तरे लगेच सुचतात, पण ती मला पुरेशी वाटली नाहीत. म्हणून थोडे खोदकाम केले.

आधी जुन्या यादीबद्दल. स्वातंत्र्यानंतर बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने, म्हणजे पुढच्या बजाज ऑटोने, १९४८ पासून दुचाकी आणि तीनचाकी बाहेरून आणून विकायला सुरुवात केली. इथे बनवायचा परवाना त्यांना १९५९ मध्ये मिळाला आणि पुढच्या वर्षी आकुर्डीला कारखान्याचे भूमिपूजन झाले. इटलीच्या पियाजिओशी करार होता, गाडीचे नाव व्हेस्पा. मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी तोवर लॅम्ब्रेटा बनवू लागली होती. किती गाड्या बनवायच्या ते परवान्यात ठरलेले असे, आणि त्याहून जास्त बनवणे हा गुन्हा. मागणी त्या आकड्याच्या कितीतरी पुढे धावत होती. सरकारने यावर उपाय केला तो उत्पादन वाढवण्याचा नव्हे, रांग लावण्याचा. १९६० साली ‘स्कूटर्स (डिस्ट्रिब्यूशन अँड सेल) कंट्रोल ऑर्डर’ निघाला आणि स्कूटर ही जवळजवळ रेशनची वस्तू झाली.

या हुकुमाखालची पद्धत साधी होती. ज्याला स्कूटर हवी त्याने पोस्टात बचत खाते काढून अडीचशे रुपये भरायचे, खाते विक्रेत्याच्या नावे तारण ठेवायचे आणि विक्रेत्याकडे नाव नोंदवायचे. विक्रेता क्रमांक देई. गाड्या येतील तशा त्या क्रमाने सुटत. पैसे विक्रेत्याच्या खिशात न जाता पोस्टात राहत, हा त्यातला शहाणपणाचा भाग. एकाच माणसाने दहा नावांनी नंबर लावू नयेत म्हणून रक्कम अशी ठेवलेली की टोचेल, पण मध्यमवर्गाला अगदीच अशक्य वाटणार नाही. वडील सांगत, पोस्टमास्तरांनी पासबुकावर शिक्का मारून विचारले होते, “भाऊसाहेब, गाडी कधी येणार?” वडील म्हणाले, “ती यायची तेव्हा येईल, व्याज तर येतंय.”

रांगेला फटी होत्या. सरकारी कोटा होता. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलन पाठवले की गाडी रांगेबाहेर मिळे, म्हणून अमेरिकेतला भाचा ही काही वर्षे मोठी मालमत्ता होती. आणि ज्याचा नंबर लागला त्याने गाडी वरच्या पैशांत दुसऱ्याला द्यायची, हा उद्योग उघड्यावरच चाले. नवी गाडी दुकानातून बाहेर पडताच जुनी होऊन महाग होत असे, अशी ही एकच वस्तू असावी. (जमिनीचे तुकडे सोडून. आणि आमच्या सिन्नरच्या समृद्धी महामार्गालगतच्या जमिनींबद्दल मी इथे काही बोलणार नाही.)

बजाज ऑटोने एक लाखावी गाडी बाहेर काढली ती १९७० मध्ये, म्हणजे भूमिपूजनानंतर दहा वर्षांनी. १९७१ मध्ये पियाजिओचा करार संपला, ७२ मध्ये ‘चेतक’ आली, रांग तशीच राहिली. साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्स उभी राहिली आणि तिची ‘प्रिया’ रस्त्यावर आली, तरी रांग राहिली. वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्या दशकात परवान्यांची पकड सैल होत गेली, तेव्हा कुठे ती ओसरू लागली. परवान्यापेक्षा जास्त गाड्या बनवल्या म्हणून तुरुंगात जावे लागले तरी चालेल, असे राहुल बजाज उघडपणे म्हणत. त्यांच्या या बोलण्यात कारखानदाराचा स्वार्थ होता हे खरे. पण नऊ वर्षे पासबुक सांभाळणाऱ्याच्या घरात ते बोलणे वेगळे ऐकू येई, हेही खरे.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. त्या सगळ्या काळात टेस्ट राइड नावाचा प्रकार मला कुठेच सापडत नाही. जुन्या माणसांना विचारले तर ती हसतात. नऊ वर्षे थांबून मिळालेली गाडी ‘चालवून बघतो, मग सांगतो’ असे म्हणण्याची सोयच नव्हती. रंगसुद्धा जो येईल तो. वडिलांना निळी हवी होती, फिकट हिरवी आली, त्यांनी ती निळीच आहे असे आईला सांगितले.

पण म्हणून ते आंधळी खरेदी करत होते असे म्हणणे चूक ठरेल, आणि हे मला बऱ्याच उशिरा लक्षात आले. नंबर लागेपर्यंतच्या नऊ वर्षांत वडिलांनी स्कूटर पुरती ओळखली होती. शेजारच्या डॉक्टरांची लॅम्ब्रेटा होती, वखारीच्या मालकांची व्हेस्पा. व्हेस्पाचे इंजिन उजव्या बाजूला असल्यामुळे गाडी एका अंगाला ओढते आणि नवख्याला पहिले काही दिवस ते जाणवते, लॅम्ब्रेटाचे इंजिन मध्यावर असल्याने तसे होत नाही, हे त्यांना ठाऊक होते. गाडी सुरू होत नसेल तर ती एका कुशीवर कलती करून मग किक मारायची, प्लग काढून काजळी पुसायची, पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचे, कॉक ‘रिझर्व्ह’वर कधी फिरवायचा, हे सारे गाडी नसतानाच पाठ झालेले होते. मोहदरीच्या घाटात दोघे बसून दुसऱ्या गिअरवर किती वेळ चढता येते, ते त्यांनी मालकांच्या मागे बसून पाहिले होते. रांगेतली वर्षे वाया गेली हे खरे, पण त्या वर्षांत प्रत्येक गल्लीत स्कूटरविषयी एक सामुदायिक ज्ञान साचत होते. ज्याचा नंबर आधी लागला त्याची गाडी ही मागच्या सगळ्यांची टेस्ट राइड होती.

नव्या विजेच्या स्कूटरला नेमके हेच मिळालेले नाही. आमच्याकडे शोरूम उघडले त्या महिन्यात ती गाडी आमच्या गल्लीत कोणाकडेच नव्हती. मालेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारा कामगार, वावीहून दूध घेऊन येणारा माणूस, यांना विचारायला शेजारी नाही आणि ओळखीचा मेकॅनिकही नाही. म्हणून विक्रेत्याला शेजारी भाड्याने आणावा लागतो आणि त्या भाड्याच्या शेजाऱ्याचे नाव टेस्ट राइड. नावनोंदणी फुकट असते, कारण तिथे ग्राहक वस्तूसाठी हक्क नोंदवत नाही, विक्रेता ग्राहकासाठी हक्क नोंदवतो. फोन नंबर मिळाला की त्याचे काम निम्मे झाले.

मध्ये एकदा जुनी पद्धत विजेच्या गाडीतच परत आली होती. जुलै २०२१ मध्ये ओलाने आपल्या स्कूटरसाठी ४९९ रुपयांत नोंदणी उघडली आणि पहिल्या चोवीस तासांत एक लाख नोंदण्या झाल्याचे कंपनीने जाहीर केले. बजाजला एक लाख गाड्या बनवायला दहा वर्षे लागली होती, इथे एक लाख माणसांनी एका दिवसात रांग लावली. सप्टेंबरमध्ये खरेदी सुरू झाली, टेस्ट राइड नोव्हेंबरमध्ये सुरू झाल्या आणि गाड्या ग्राहकांच्या हाती पडायला डिसेंबर उजाडला. म्हणजे आधी पैसे, मग फेरी, मग गाडी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विजेच्या ‘चेतक’ची दोन हजार रुपयांची नोंदणी पुन्हा उघडली आणि मागणी एवढी आली की दोन दिवसांत बंद करावी लागली. नाव तेच, अडचण तीच. फरक एवढाच की या वेळी परवाना आड आला नाही, सुटे भाग आणि कारखान्याची तयारी आड आली. तेव्हा रांग ही फक्त सरकारी काळाची विकृती होती असे जे आपण समजून बसलो आहोत, ते मला पटत नाही.

आता सिन्नरच्या शनिवारकडे. कोड उघडल्यावर अर्ज आला. नाव, मोबाइल, गाव, लायसन्स क्रमांक, सध्याची गाडी, आणि वेळेचे रकाने, दहा-दहा मिनिटांचे, सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत. लायसन्स मागण्यामागे कायदा आहे. नोंदणी न झालेली गाडी विक्रेता ट्रेड सर्टिफिकेटवर रस्त्यावर आणू शकतो आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत संभाव्य ग्राहकाला वाजवी चाचणी देणे हे एक आहे. पण चालवणाऱ्याकडे लायसन्स हवेच. फक्त पाव किलोवॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत राहणारी गाडी या नियमांच्या बाहेर आहे. तिला लायसन्स लागत नाही, नंबरप्लेट लागत नाही. तेव्हा कोणी ‘लायसन्स नसले तरी चालेल, या फेरीला’ म्हणाले, तर समजावे की तो मंद गाडी दाखवतो आहे किंवा नियम मोडतो आहे. यांतले काय ते गाडीवरच्या पाटीवरून आणि वेगावरून कळते.

सकाळचे रकाने भराभर भरले. मी मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एका फेरीला दीडेक किलोमीटर, शोरूमपासून महामार्गाच्या सेवा रस्त्याने वळण घेऊन परत. सपाट रस्ता, एकटा माणूस, पूर्ण चार्ज. अशा फेरीत काय कळते? बसायची उंची, ब्रेक, आवाज नसल्याची गंमत. जे कळत नाही तेच मला हवे होते. माझ्यासारख्या माणसाचा प्रश्न एवढाच असतो की सिन्नरहून नाशिकला पत्नीला मागे बसवून जायचे आणि संध्याकाळी परत यायचे, हे जमेल का. येऊन-जाऊन साठ किलोमीटर धरा, मध्ये मोहदरी.

घाटाची भीती मलाही होती, म्हणून आधी तोच हिशेब केला. गाडी आणि दोन माणसे मिळून दोनशे साठ किलो, चढ शंभर मीटर धरला, तर नुसते वजन वर उचलायला साधारण ०.०७ युनिट वीज लागते. मोटर आणि तारांमधले नुकसान मिळवून ०.०९. तीन युनिटांच्या बॅटरीत हे तीन टक्के. म्हणजे घाट हा तीनेक किलोमीटर जास्त चालवण्याइतकाच महाग, आणि उतारावर त्यातले थोडे परतही मिळते. माझा अंदाज सपशेल चुकला होता. घाटात जे दिसते ते मोटरचे दमणे असते, बॅटरी तिथे फारशी रिकामी होत नाही.

रिकामी होते ती वाऱ्याने. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४५ च्या जागी ६५ ने गेलो तर प्रत्येक किलोमीटरला हवेशी झगडायला दुपटीहून अधिक वीज जाते. चाकांचा रोध मिळवून माझा ढोबळ आकडा असा आला की ४५ ला किलोमीटरमागे सुमारे ३३ वॅट-तास, आणि ६५ ला सुमारे ५४. तीन युनिट भागिले हे आकडे, म्हणजे एकदा नव्वद किलोमीटर आणि एकदा पंचावन्न. पहिल्या वेगाने साठ किलोमीटर आरामात जमतात, दुसऱ्या वेगाने शिंदे-पळशाच्या पुढे परतताना धाकधूक सुरू होते. गाडी तीच, रस्ता तोच. जाहिरातीतला आकडा कोणत्या वेगाने काढला ते विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही, आणि हे दीड किलोमीटरच्या फेरीत कळणे शक्य नाही.

शिवाय या गाड्यांची एक सवय आहे, जी पेट्रोलच्या गाडीला नव्हती. वडिलांची स्कूटर रिझर्व्हवर आली तरी शेवटच्या थेंबापर्यंत तेवढ्याच जोमाने पळे. बऱ्याच विजेच्या स्कूटर मात्र चार्ज कमी झाला, साधारण वीस टक्क्यांच्या आसपास, की बॅटरी वाचवायला वेग आणि जोर स्वतःच कमी करतात. नाशिकहून परतताना मोहदरीचा चढ येतो तो नेमका अशा वेळी. शोरूममधली गाडी पूर्ण चार्ज असल्याने हा स्वभाव ग्राहकाला दिसतच नाही.

दिसायचा एकच मार्ग मला सुचला. दिवसभरात एका गाडीवर चाळीस फेऱ्या झाल्या तर ती साठ किलोमीटर चालते, आणि चार्जर साधारण साडेसातशे वॅटचा, म्हणजे रिकामी बॅटरी भरायला चार-पाच तास. मध्ये चहाला अर्धा तास प्लग लावला तरी दहा-बारा टक्केच भरणार. तेव्हा संध्याकाळपर्यंत गाडी उतरलेलीच असणार. वडिलांच्या यादीत वरचा नंबर म्हणजे नशीब होते. या यादीत मी शेवटचा नंबर घेतला, सहाला दहा कमी.

मी पोचलो तेव्हा काउंटरवरचा मुलगा वरमलेला होता. “काका, सकाळी यायला हवं होतं. आता सतराच टक्के आहे. उद्या या, फुल चार्जवर देतो.” मी म्हणालो, “मला सतराच हवं आहे.” त्याने माझ्याकडे पाहिले, मग हेल्मेट दिले. पत्नीला मागे बसवायची परवानगी मागितली तर तो मालकांना विचारून आला. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवे म्हणून आणखी एक शोधून आणले, हे मला आवडले. सेवा रस्त्यावर मूठ पूर्ण पिरगाळली तरी काटा चाळिशीच्या आसपासच थबकला. जोर हळूहळू यायचा, मागून आलेला रिक्षावाला हॉर्न देत पुढे निघून गेला. पत्नी म्हणाली, “ही आपल्या हिरव्या गाडीसारखीच चालते की,” आणि मला कळेना की ही तक्रार आहे की कौतुक.

परतल्यावर मी मुलाला विचारले, वेग कमी केव्हापासून होतो, गाडीवर ते कुठे दिसते, आणि घाटात त्या अवस्थेत दोन माणसे चढतात का. पहिल्या दोहोंची उत्तरे त्याने पुस्तिकेत बघून दिली. तिसऱ्याला तो प्रामाणिकपणे म्हणाला, “सर, आम्ही ते बघितलेलं नाही. मी सोमवारी स्वतः चढवून सांगतो.” सोमवारी त्याचा फोन आला. एकट्याने, अठरा टक्क्यांवर, ताशी तीसने चढली, दोघांचे अजून पाहिलेले नाही. त्याच्या सांगण्याप्रमाणे यादीतल्या कोणी हे आजवर विचारले नव्हते. त्याच्या वहीत आता माझ्या नावापुढे एक वेगळी खूण आहे म्हणे.

अर्जात शेवटी एक रकाना होता, ‘कधी घेणार?’ पंधरा दिवस, एक महिना, तीन महिने, नुसते बघतोय. मी शेवटच्यावर खूण केली. घरी येऊन वडिलांचे पासबुक पुन्हा उघडले. शेवटच्या पानावर १९७६ ची नोंद आहे, तारण मोकळे झाल्याची, आणि तिच्याखाली नऊ वर्षांचे व्याज. ते पैसे काढून वडिलांनी टोपी, चष्मा आणि गाडीचे कव्हर घेतले, असे आई अजून सांगते.